पोस्टाचं खातं की बँकेचं? आधी पैसे हातात कुठे पडतात ते बघा

प्रश्न: "आमच्या गावात पोस्ट आहे, बँक मात्र तालुक्याला, १६ किमी. वडलांचं खातं जिल्हा बँकेत, पीक कर्ज पण तिथलंच. आता आईच्या नावाने बचत खातं काढायचंय, लाडकी बहीणचे पैसे येतील आणि सोयाबीनचे थोडे ठेवता येतील म्हणून. पोस्टात काढू की बँकेत? व्याज, सुरक्षितता, सोय सगळं बघून सांगा."

मी बरीच वर्षं पोस्टाच्या काउंटरला होतो आणि नंतर एका बँकेच्या वित्तीय साक्षरता केंद्रातर्फे गावोगाव फिरलो, त्यामुळे दोन्हीकडचं आतून पाहिलंय. माझं उत्तर आधीच सांगतो, तुमच्या केसमध्ये दोन्ही लागतील, पण कुठलं खातं कशाला हे ठरवून काढा. नाहीतर दोन पासबुकं होतात आणि पैसे तिसरीकडेच अडकतात.

पहिली गोष्ट, "पोस्टात खातं" म्हणजे आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. एक आपलं जुनं पोस्टाचं बचत खातं, डाक विभागाचं, पासबुकवालं, ४ टक्के व्याजाचं. दुसरं इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक, लोक आयपीपीबी म्हणतात, जी १ सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली. खिडकी तीच, पोस्टमन तोच, मास्तर तेच, पण ही वेगळी बँक आहे, खातेनंबर वेगळा, आयएफएससी वेगळा, व्याज बरंच कमी, आणि दिवसाअखेर २ लाखाच्या वर रक्कम ठेवता येत नाही. अंगठा लावून पाच मिनिटात जे खातं निघतं ते बहुतेक वेळा आयपीपीबीचं असतं, आणि माणूस घरी येऊन सांगतो की पोस्टात ४ टक्क्याचं खातं काढलं. तेव्हा मास्तरला सरळ विचारायचं, "हे बचत बँकेचं का पेमेंट्स बँकेचं?" पासबुक आणि ५०० रुपये मागितले तर जुनं खातं समजा.

हा फरक पैसे येताना नडतो. आडत्याला सोयाबीनचे पैसे खात्यावर टाकायला सांगितलं तर तो आयएफएससी मागणार. जुन्या बचत खात्याचा कोड IPOS0000DOP, देशभर एकच. आयपीपीबीचा IPOS0000001. मोबाईलवर सर्च करून मुनीम भलताच कोड टाकतो आणि मग पैसे परत जातात, किंवा दोन-तीन दिवस कुणालाच सापडत नाहीत. जुन्या खात्याला एनईएफटी, आरटीजीएसची सोय मे २०२२ पासून आहे, त्याआधी नव्हती, त्यामुळे अजूनही काही आडत्ये "पोस्टात पैसे जात नाहीत" म्हणतात. जातात. फक्त नंबर आणि कोडची जोडी एका कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

आता लाडकी बहीणचं. इथे लोक विचारतात कुठल्या खात्यात येतील, आणि फॉर्मवर जो खातेनंबर लिहिला त्यातच येतील असं धरून चालतात. आधारवर येणारा पैसा खातेनंबर बघत नाही. एनपीसीआय म्हणजे बँकांमधले पैसे इकडून तिकडे पोचवणारी संस्था, तिच्याकडे एक यादी असते, त्यात तुमच्या आधारसमोर एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं, आणि ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालं, म्हणजे आधारचे पैसे इथेच यावेत अशी नोंद झाली, तिचं नाव तिथे असतं. खात्याला आधार "लिंक" असणं वेगळं, ते केवायसीसाठी असतं, कितीही खात्यांना असू शकतं. सीडिंग एकालाच. म्हणून होतं काय की आईचं बँकेत व्यवस्थित चाललेलं असतं, गावात आयपीपीबीचा कॅम्प येतो, खातं काढताना संमतीच्या खुणेवर टिक होते, पुढचा हप्ता तिकडे जातो आणि माऊली बँकेत हेलपाटे घालत बसते की पैसे आलेच नाहीत. बँकेतला माणूस पण बघून सांगतो आले नाहीत, तो खरंच सांगतो, त्याच्याकडे आलेच नाहीत. हप्ता गायब वाटला तर आधी आधारच्या वेबसाईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथे बँकेचं नाव येतं, कुठल्याही सेंटरवाल्याकडून दोन मिनिटात होतं. आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे, ओटीपी येतो.

आणि यातूनच पुढचा मुद्दा, जो तुमच्या प्रश्नात नाहीये पण सगळ्यात कामाचा आहे. पैसे बँकेत असले तरी ते गावातल्या पोस्टातून काढता येतात. पोस्टमन किंवा मास्तरकडच्या मशीनवर आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, झालं, कुठल्याही बँकेच्या आधार लिंक खात्यातून रोख हातात. एका वेळी १० हजारापर्यंत. बँकमित्राकडे पण हेच होतं, पण बँकमित्र सगळ्या गावात नसतो आणि असला तरी आज आहे उद्या नाही अशी गत असते, पोस्ट तसं हलत नाही. म्हणजे "बँक १६ किमी लांब" ही अडचण दरमहा दीड हजार काढण्यापुरती तरी राहत नाही. (म्हाताऱ्या माणसांचे आणि शेतात राबणाऱ्या बायकांचे बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, तेव्हा दुसरं बोट लावून बघा, हात धुवून पुसून. तरी होत नसेल तर आधार केंद्रात बोटांचे ठसे परत अपडेट करून घ्या.)

अंगठ्यात एक धोका आहे तो मात्र डोक्यात ठेवा. मशीनवाला म्हणतो "फेल झालं, परत लावा", आणि खात्यातून दोनदा कटतं. कधी खरंच नेटवर्कमुळे फेल झालेलं असतं आणि पैसे कटलेले असतात, ते रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पाच दिवसात आपोआप परत यायला पाहिजेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. पण फेल झाल्याची पण पावती निघते. ती घेतल्याशिवाय दुसऱ्यांदा अंगठा द्यायचा नाही, मोबाईलवर मेसेज बघायचा. आईचा स्वतःचा नंबर खात्याला असू द्या, मुलाचा दिला की मुलगा पुण्यात, मेसेज पुण्यात, आणि आईला काही पत्ता नाही.

जुन्या बचत खात्यातून गावच्या ब्रँच पोस्टात काढायला वेगळी पद्धत, एसबी ७ चा फॉर्म भरून, पासबुक देऊन. ब्रँच पोस्टात दिवसाला एका खात्यातून २० हजारापर्यंत देतात, आणि भरायला ५० हजारापर्यंत. हे झालं नियमात. प्रत्यक्षात ब्रँच पोस्ट दिवसातून चार-पाच तासच उघडं असतं, मास्तर कधी टपाल वाटायला पण जातात, आणि त्यांच्या पेटीत ठरावीक रोकडच ठेवायची परवानगी असते. तुम्ही अचानक १५ हजार मागितले तर नसतात, ते तालुक्याच्या उपडाकघरातून मागवायला लागतात, उद्या या म्हणतात. यात मास्तरची चूक नाही. पाच हजाराच्या वर लागणार असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, बहुतेक वेळा काम होतं. दवाखान्यासारख्या रात्रीच्या गरजेला मात्र हे खातं उपयोगाचं नाही. एटीएम कार्ड मिळतं, पण त्यासाठी तालुक्याच्या पोस्टात जाऊन अर्ज करा, गावात मिळत नाही.

व्याजाचं बघू, कारण सगळे पहिल्यांदा इथेच पोस्टाकडे झुकतात. पोस्ट ४ टक्के, मोठ्या बँका २०२५ पासून अडीच टक्क्यावर आल्यात. फरक मोठा वाटतो. पण मोजायची पद्धत वेगळी आहे. बँक रोजच्या शिलकीवर मोजते. पोस्ट महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजतं, आणि व्याज वर्षातून एकदा, ३१ मार्चला जमा करतं.

समजा सोयाबीनचे १ लाख २० हजार १२ नोव्हेंबरला आले. २५ जानेवारीला ५० हजार काढले, बाकी मार्चपर्यंत राहिले. पोस्टात नोव्हेंबरचं व्याज शून्य, कारण १० तारीख उलटून गेली. डिसेंबरचे ४००. जानेवारीत कमीत कमी शिल्लक ७० हजार, म्हणून २३३ च, जरी २४ दिवस सगळे पैसे पडून होते. फेब्रुवारी, मार्च २३३-२३३. एकूण साधारण ११००. तेच बँकेत अडीच टक्क्याने रोज मोजून साधारण ९२५ होतात. म्हणजे इतक्या पैशावर साडेचार महिन्यात फरक पावणेदोनशे रुपयांचा! तालुक्याला एक फेरी, एक दिवसाची मजुरी बुडाली की गेला तो फरक. उलट तारखा सांभाळल्या, म्हणजे पैसे १० नोव्हेंबरच्या आत भरले आणि जानेवारीच्या शेवटाऐवजी १ फेब्रुवारीला काढले, तर पोस्टात नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारीचे ४००-४०० आणि पुढचे दोन महिने २३३, असे १६६७ होतात. त्यामुळे माझं म्हणणं, जे पैसे दोन-चार महिने हलणार नाहीत ते पोस्टात, भरायचे १० च्या आत आणि काढायचे १ ते १० च्या मधे. जे दर आठवड्याला ये-जा करणार त्यांच्यासाठी व्याजाचा विचारच करू नका, सोय बघा.

शिलकीचा नियम पण दोन्हीकडे वेगळा. पोस्टात ५०० रुपये कायम ठेवावे लागतात, त्याच्या खाली काढूच देत नाहीत, आणि वर्षाअखेर कमी पडले तर ५० रुपये कापतात, कापून कापून शून्य झालं की खातं बंद. तीन आर्थिक वर्षं काहीच देवघेव नाही केली तर खातं निष्क्रिय होतं, मग केवायसी, पासबुक, अर्ज घेऊन परत चालू करून घ्यावं लागतं. बँकेत जनधन किंवा साधं शून्य शिलकीचं खातं मागा, ते कुठल्याही बँकेला द्यावं लागतं, पण काउंटरला ते स्वतःहून सांगत नाहीत, दुसरंच खातं पुढे करतात आणि सोबत एखादा विमा. रूपे कार्डावर अपघात विमा मिळतो, त्यासाठी कार्ड अधूनमधून वापरलेलं पाहिजे, कपाटात ठेवलं तर दावा अडतो.

सुरक्षिततेवर लोक फार बोलतात आणि चुकीच्या ठिकाणी घाबरतात. पोस्टाच्या बचत खात्यामागे केंद्र सरकारची हमी आहे, रकमेला मर्यादा नाही. बँकेत, मग ती सरकारी असो, खासगी, ग्रामीण किंवा जिल्हा बँक, एका बँकेत एका माणसामागे व्याजासकट ५ लाखापर्यंत ठेव विमा असतो, ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाख होता. आयपीपीबी सरकारची असली तरी ती बँक आहे, तिलाही हाच विमा लागू, जुन्या खात्याची हमी नाही. आता आईच्या खात्यात दीड-दोन लाखाच्या वर जाणार नसेल तर दोन्हीकडे पैसे बुडणार नाहीत, पण "बुडणार नाहीत" आणि "वेळेवर मिळतील" हे दोन वेगळे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १००० रुपये काढता येत होते. नंतर २०२१ ला कायदा बदलला, आता निर्बंध आल्यापासून ९० दिवसात विम्याचे पैसे द्यायला लागतात, पण पेरणीच्या तोंडावर ९० दिवस म्हणजे हंगाम गेला. म्हणून सगळं एका सहकारी बँकेत ठेवू नका एवढंच. आणि पतसंस्था! पतसंस्थेला हा ठेव विमा नाहीच. नावात काहीही असो, दुकान कितीही चकाचक असो, दोन टक्के जास्त व्याजासाठी तिथे टाकाल तर सरकारी हमी पण नाही आणि विमा पण नाही.

खरा धोका वर नसतो, खिडकीशी असतो. ब्रँच पोस्टात मास्तर एकटाच असतो, तोच पैसे घेतो, तोच पासबुकात हाताने लिहितो, शिक्का मारतो आणि तोच सिस्टीममध्ये भरतो. शंभरातले बहुतेक मास्तर सरळ असतात, गावचीच माणसं, पण मी काउंटरला असताना असे प्रकार पाहिलेत की पासबुकावर २० हजार जमा आणि सिस्टीममध्ये नोंदच नाही. आपल्याला कळतं कसं? मोबाईलवर मेसेज आला नाही, मशीनची पावती मिळाली नाही, "नेटवर्क नाही, उद्या टाकतो, पासबुक ठेवून जा" असं वरचेवर व्हायला लागलं, किंवा पासबुक महिना महिना मास्तरकडेच. पासबुक ठेवून घेतलं तर एसबी २८ ची पावती मागायची, ती छापील असते, साध्या चिठ्ठीवर विश्वास नाही. कोऱ्या एसबी ७ वर सही किंवा अंगठा कधीच नाही, मास्तर नात्यातला असला तरी नाही. शिल्लक घरबसल्या बघायला 18002666868 हा पोस्टाचा टोल फ्री नंबर आहे, नोंदवलेल्या मोबाईलवरून लावा. आणि वर्षातून एकदा तरी, एप्रिल-मे मध्ये, तालुक्याला दुसऱ्या कामाला जाताना पासबुक उपडाकघरात न्या, व्याज चढवून घ्या आणि तिथल्या कॉम्प्युटरवरची शिल्लक पासबुकाशी जुळवा. जुळलं नाही तर तिथेच लेखी तक्रार, प्रत शिक्का मारून घ्या. कर्मचाऱ्याने अपहार केला तर डाक खात्याला जबाबदारी टाळता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय, पण तुमच्याकडे पासबुक आणि पावती पाहिजे, नुसतं तोंडी काही टिकत नाही.

आता बँक कशासाठी लागतेच ते. कर्ज. पोस्ट बचत खात्यावर कुणाला पीक कर्ज देत नाही, शेळीपालनाला नाही, ठिबकला नाही, मुलीच्या शिक्षणाला पण नाही. बँकेत खातं असलं, त्यात दोन-तीन वर्षं आवक दिसली, तर मॅनेजरसमोर बसताना बोलायला काहीतरी असतं. बचत गटात आई असेल तर गटाचं खातं बँकेतच आहे, तिथेच वैयक्तिक खातं असलं की गटाच्या कर्जाचे पैसे फिरवायला सोपं. यूपीआयचंही तसंच, फोनवरून दुकानदाराला द्यायचे असतील तर बँकेचं किंवा आयपीपीबीचं खातं लागेल.

पण कर्जाची दुसरी बाजू पण आहे आणि ती तुम्ही वडलांच्या खात्यामुळे नक्की बघा. कर्ज थकलं की बँक त्याच बँकेतल्या बचत खात्यावर होल्ड लावते. अनुदान, पीक विम्याचे पैसे येतात, मेसेज येतो, काढायला गेलं की निघत नाहीत. अनुदान कर्जात वळवू नका असे आदेश सरकार अधूनमधून काढतं, शाखेत जाऊन अर्ज दिला की बऱ्याचदा होल्ड निघतो पण, पण तोवर महिना जातो. म्हणून आईचं खातं जिल्हा बँकेत काढू नका, विशेषतः आई वडलांच्या कर्जाला जामीनदार किंवा सहकर्जदार असेल तर. कर्ज बुडवायला सांगत नाहीये, ते फेडायचंच, तीन लाखापर्यंतचं वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख सवलतीमुळे व्याज जवळपास शून्य पडतं. फक्त घरखर्चाचा पैसा आणि कर्जाचा पैसा एका छताखाली नको.

मग तुमचं असं करा. वडलांचं जिल्हा बँकेचं खातं आहे तसं राहू द्या, पीक कर्ज आणि सोसायटीचा व्यवहार तिथे. आईचं एक शून्य शिलकीचं खातं तालुक्याच्या सरकारी किंवा ग्रामीण बँकेत काढा, आधार सीडिंग त्याच बँकेत, म्हणजे लाडकी बहीण तिथे येईल आणि गावातल्या पोस्टातून अंगठ्याने निघेल. काढताना सीडिंगचा फॉर्म वेगळा भरून घ्या, नुसती आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही, आठवड्याने स्टेटस तपासा. आणि गावच्या पोस्टात आईच्या नावाने, किंवा आई-वडलांचं जॉइंट, जुनं बचत खातं काढा, सोयाबीनमधले बियाणं-खताला बाजूला ठेवायचे पैसे तिथे. हंगामाचा पैसा नजरेआड राहतो, यूपीआयने चहा-पाण्यात जात नाही, आणि खरं सांगायचं तर याचा फायदा व्याजापेक्षा जास्त आहे. मेच्या शेवटी पेरणीसाठी काढायचे असतील तर १ जूनपर्यंत थांबा, मेचं पूर्ण व्याज पदरात पडेल, आणि एकरकमी २० हजाराच्या वर लागणार असतील तर थेट तालुक्याच्या पोस्टातून काढा.

आयपीपीबीचं खातं काढायला कुणी आग्रह केला तर हरकत नाही, घ्या, पण सीडिंगच्या संमतीला नाही म्हणा. नाहीतर दीड हजार तिकडे वळतील आणि सगळी मांडणी विस्कटेल.

नॉमिनी दोन्हीकडे आत्ताच लावा, पासबुकावर नाव किंवा नोंदणी छापून आली का ते बघा. पोस्टात नॉमिनी नसला तर ५ लाखापर्यंतचा दावा प्रतिज्ञापत्रावर मिळतो, पण मृत्यूनंतर सहा महिने थांबावं लागतं, आणि जॉइंट खातं असलं तर ती वेळच येत नाही, राहिलेला माणूस मृत्यूचा दाखला देऊन खातं आपल्या नावावर करून घेतो.